भिंतीवर पाण्याची घोषवाक्यं लिहिण्याआधीची तयारी

आधी भिंत मोजा, मग घोषवाक्य ठरवा. मागच्या वेळी हेच राहिलं आणि शेवटचा शब्द खिडकीच्या चौकटीपाशी चेपून बसवावा लागला. रंग, ब्रश, शिडी पेंटर आणतोच. घरमालकाची परवानगी लेखी घ्या.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ गावात सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे त्याच्याकडे नजर थांबत नाही. वाक्यात एकच काम सांगा आणि ते काम करणारा माणूस जिथे थांबतो तिथेच लिहा. सोलापूरकडच्या ज्वारीच्या रानांसाठी, ट्रॅक्टर उभे राहतात त्या भिंतीवर: ‘उताराला आडवं नांगरा / पाणी शेतातच मुरवा’. उन्हाळी नांगरट सुरू व्हायच्या आत हे भिंतीवर हवं, नंतर लिहून त्या वर्षी उपयोग नाही.

आता हेच वाक्य भिंतीवर बसवून बघू. भिंत 12 फूट रुंद, 6 फूट उंच. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट सोडला की 11 फूट, म्हणजे 132 इंच उरतात. पहिल्या ओळीत 10 अक्षरं आणि शब्दांमधल्या 2 मोकळ्या जागा, म्हणजे 12 घरं. एका घराला 11 इंच येतात, तेव्हा अक्षर 10 इंचांचं धरा. खालचा दीड फूट सोडूनच द्या, तिथे लोणा लागतो आणि पावसाचे शिंतोडे उडतात. राहिले 54 इंच. वेलांटी, मात्रा, उकार धरून एका ओळीला 16 इंच लागतात, दोन ओळी आरामात बसतात. मीटरची पेटी आणि खिडकी मात्र मापातून आधीच वजा करा. टेप लावूनच मोजा, अंदाजाने नको.

भिंतीवर तळहात घासा. पांढरं हाताला लागलं तर जुना चुना खरवडून प्रायमर द्या, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. ताज्या चुन्यावर ऑइलपेंट नकोच, चुन्याच्या खाराने तो चिकट होऊन निघतो.

घोषवाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पेंटरच्या हातात द्या, फोनवर सांगू नका. ‘विहीर’मधली ही दीर्घ, पण ‘विहिरीत’मध्ये हि ऱ्हस्व. ‘विहिरीत गाळलेलंच पाणी सोडा’ लिहिताना नेमकं इथेच चुकतं. हे वाक्य हवंच, कारण ओढ्याचं गढूळ पाणी तसंच सोडलं तर गाळाने झरे बुजतात.

निळीत बुडवलेला दोरा ताणून भिंतीवर सोडला की शिरोरेषेसाठी सरळ रेघ उमटते. त्यावर आधी खडूने पूर्ण वाक्य काढायला लावा, शेवटच्या अक्षरापर्यंत. रस्त्याच्या पलीकडून वाचा. बसत नसेल तर अक्षरं चेपू नका, शब्द बदला.

रंग सकाळीच लावा, दुपारच्या उन्हात तो ब्रशवरच वाळतो. पांढऱ्यावर गडद निळा. दोन हात. आणि दुसरी भिंत घेताना टेप परत काढा, पहिलीचं माप तिला चालत नाही.