या चुका टाळा: घरच्या सणावरच्या निबंधातले सण, व्रत, विधी आणि उत्सव

‘आमच्या घरचे गौरी-गणपती’ या विषयावर पाचवी ते आठवीच्या वह्यांमध्ये सापडतो, साधारण तसा एक परिच्छेद आधी वाचा.

‘भाद्रपद महिन्यात आमच्या घरी गणेश चतुर्थी हा उत्सव गौरी जाईपर्यंत साजरा केला जातो. आदल्या दिवशी आई हरितालिका साजरी करते. सकाळी ती उपवास तोडून मोदक करते. मग गुरुजी येऊन सगळी विधी साजरी करतात. नंतर गौरी साजऱ्या होतात आणि हळदीकुंकवाचा सण होतो. शेवटी आम्ही धूमधामने विसर्जन साजरे करतो.’

शुद्धलेखन ठीक आहे, घटनांचा क्रमही बरोबर आहे. तरी हे गौरी-गणपती पाहिलेल्या मुलाने लिहिले आहे असे वाटत नाही, कारण एका क्रियापदाला सगळीकडे राबवले आहे. गंमत अशी, की भाद्रपदातल्या त्या आठवड्याइतके वेगवेगळे शब्द दुसऱ्या कुठल्याच सणात लागत नाहीत. एकाच घरात व्रत होते, सण होतो, विधी होतात, कुळाचार होतो, समारंभ होतो आणि कोपऱ्यावरच्या मंडळात उत्सव चाललेला असतो.

‘साजरा’ कुठे चालतो

‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीतला ‘साजरा’ म्हणजे देखणा. सण साजरा करायचा म्हणजे तो दिवस देखणा करायचा: तोरण, रांगोळी, नवे कपडे, गोडधोड. म्हणून सण, वाढदिवस, विजय, जयंती साजरी होते. दिवसभर पाणीही न घेता केलेले हरितालिकेचे व्रत कोणी साजरे करत नाही, ते करतात किंवा धरतात. प्राणप्रतिष्ठाही साजरी होत नाही, ती केली जाते.

नामाआधी क्रियापद ठरवले की चूक आपोआप टळते. आजी काय म्हणते ते आठवायचे. सण येतो आणि आपण तो करतो. व्रत धरतो आणि शेवटी त्याचे उद्यापन करतो. विधी पार पडतो. उत्सव चालतो. समारंभ ठेवतो. ‘यंदा दिवाळी गावी केली’ यातले साधे ‘केली’ हे अस्सल मराठी आहे. त्याच्या जागी ‘साजरी केली’ घातल्याने वाक्य बिघडत नाही, पण सुधारतही नाही. ‘दिवाळी मनवली’ मात्र सरळ हिंदीतून आले आहे. ‘त्योहार’ आणि ‘धूमधामने’ त्याच वाटेने येतात. मराठीत थाटामाटात, धूमधडाक्यात, किंवा घरच्या गणपतीला जास्त शोभणारे ‘साधेपणाने’ म्हणता येते.

चतुर्थी एका दिवसाची, उत्सव 10 दिवसांचा

गणेश चतुर्थी ही तिथी आहे, भाद्रपद शुद्ध चतुर्थी. तिथी 5 किंवा 10 दिवस चालत नाही. चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत चालतो तो गणेशोत्सव. घराबद्दल लिहिताना लोक यातला कुठलाच शब्द फारसा वापरत नाहीत. ते म्हणतात ‘आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो’ किंवा ‘आमचा गणपती गौरींबरोबर जातो’. निबंधाचे पहिले वाक्य असे असले तर घर लगेच डोळ्यांसमोर येते.

‘उत्सव’ या शब्दात चार लोकांचे एकत्र येणे आहे. देवळाचा उत्सव असतो, गावाचा असतो, मंडळाचा असतो. लोकमान्य टिळकांनी 1893 पासून ज्याला मोठे रूप दिले, त्याचे नावही सार्वजनिक गणेशोत्सव असेच आहे. घरातल्या मखराबद्दल लिहिताना ‘सण’ म्हणावे, आणि संध्याकाळी मंडळाच्या आरतीला गेलात की तिथे ‘उत्सव’ आणावा. एका निबंधात दोन्ही शब्द आपापल्या जागी आले, तर वाचणाऱ्याला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘जल्लोष’ हा गर्दीचा आवाज आहे, तो मिरवणुकीत ठेवावा. देव्हाऱ्यासमोर जल्लोष होत नाही.

व्रत, उपवास आणि ‘तोडणे’

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला, हरितालिका असते. वाळूची पिंड करून तिची पूजा करतात, पत्री वाहतात, आणि व्रत करणारी दिवसभर उपवास धरते. हे व्रत आहे. उपवास हा त्या व्रताचा एक भाग, म्हणून दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकता येत नाहीत. ‘आईचे हरितालिकेचे व्रत असते, म्हणून त्या दिवशी तिचा कडक उपवास असतो’ हे वाक्य नेमके आहे.

दुसऱ्या दिवशी उपवास सोडतात. ‘तोडतात’ ही हिंदीची छाया. मराठीत ‘उपवास मोडला’ असेही म्हणतात, पण त्याचा अर्थ वेगळाच आहे: चुकून काहीतरी तोंडात गेले आणि नेम बिघडला. आईने सकाळी ‘उपवास मोडला’ असे लिहिलेत, तर तिच्या हातून काहीतरी चुकले असा अर्थ होतो. ठरलेली वर्षे पूर्ण करून व्रत संपवतात, तेव्हा त्याला उद्यापन म्हणतात.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. निबंधांत ती बहुतेक वेळा गळते, आणि ते नुकसान आहे, कारण या दिवशी लिहिण्यासारखे खूप असते. हे व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचे, म्हणजे नांगरलेल्या जमिनीतले धान्य खात नाहीत. परसातल्या आणि हाताने लावलेल्या भाज्या एकत्र शिजवून ऋषीची भाजी करतात. अळू, लाल माठ, भेंडी, भोपळा, मक्याची कणसे, घरोघरी यादी थोडी बदलते. ‘आई व्रत करते’ एवढ्यावर थांबण्यापेक्षा ‘आजी त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खात नाही’ हे एक वाक्य लिहावे. व्रत म्हणजे काय, ते त्यात आपसूक येते.

विधी: तो, ती नव्हे

हिंदीत विधि स्त्रीलिंगी आहे, मराठीत विधी पुल्लिंगी. ‘हा विधी झाला’, ‘सगळे विधी झाले’. ‘सगळी विधी’ चूक. शब्द एकटा असताना शेवटचा स्वर दीर्घ, विधी, आणि समासात पुढे काही जोडले की ऱ्हस्व: विधिपूर्वक, विधियुक्त.

लिंग सुधारले तरी एक अडचण उरते. ‘गुरुजींनी सगळे विधी केले’ या वाक्यातून काहीच दिसत नाही. विधीला नाव असते, ते लिहावे. गणपतीच्या मूर्तीत देवत्व आणण्याचा मंत्रपूर्वक विधी म्हणजे प्राणप्रतिष्ठा. त्यानंतर होते ती 16 उपचारांची, म्हणजे षोडशोपचार पूजा. निरोपाच्या दिवशी उत्तरपूजा असते. तिच्या शेवटी मूर्तीवर अक्षता टाकतात आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. त्या एवढ्याशा हालचालीनंतर मूर्ती पाण्याकडे न्यायला मोकळी होते. निबंधात 16 उपचारांची यादी देऊ नये, ती पाठांतरासारखी दिसते. मूर्ती हलवण्याचा तो क्षण दोन वाक्यांत लिहिला तर पुरे.

गौरी ‘साजऱ्या’ होत नाहीत, येतात

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण गौरींसाठी मराठीत माणसांची क्रियापदे आहेत. माहेरवाशिणीसारख्या त्या येतात, जेवतात आणि जातात. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन, तिसऱ्या दिवशी विसर्जन. मराठवाडा-विदर्भात त्यांनाच महालक्ष्मी म्हणतात, तिथल्या मुलाने तेच नाव लिहावे, पुस्तकासाठी ‘गौरी’ करू नये.

‘गणपतीच्या तिसऱ्या दिवशी गौरी येतात’ असे छातीठोक लिहू नका. गौरींचा दिवस तिथीवर नाही, नक्षत्रावर ठरतो. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे गौरींबरोबर जाणारा गणपती एखाद्या वर्षी 5 दिवस राहतो, एखाद्या वर्षी 6 किंवा 7. ज्येष्ठागौरी हे नावही त्या मधल्या नक्षत्रावरूनच आले.

कुणाकडे मुखवट्यांच्या गौरी उभ्या करतात, कुणाकडे तेरड्याच्या, कुणाकडे पाणवठ्यावरून आणलेले खडे. पहिल्या दिवशी अनेक घरांत भाजी-भाकरीचा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तर काही घरांत तिखटाचा नैवेद्य. प्रत्येक घराचे हे जे आपले ठरलेले असते, त्याला कुळाचार म्हणतात. घरच्या सणावरच्या निबंधासाठी याहून नेमका शब्द नाही, तरी मुले ‘आमच्या घरी अशी प्रथा आहे’ असे लिहितात. ‘प्रथा’ चुकीचा नाही, पण हुंड्याची प्रथा, सतीची प्रथा असे ऐकून ऐकून त्याला बरा वास राहिलेला नाही. कुळाचार जड वाटत असेल तर ‘रीत’ किंवा ‘पद्धत’ लिहावे: ‘आमच्याकडे पहिल्या दिवशी शेपूची भाजी करायची पद्धत आहे.’

हळदीकुंकू हा सण नाही. बोलावणे करून, ठरलेल्या वेळी बायका जमतात, म्हणून तो समारंभ. ‘सोहळा’ यापेक्षा मोठा आणि डोळे भरून पाहण्यासारखा असतो, जसा पालखीचा. घरच्या हळदीकुंकवाला ‘भव्य सोहळा’ म्हटले की निबंधाचे निमंत्रणपत्र होते.

काही दिवस पाळतात

वर्गात सगळ्यांच्या घरी गणपती नसतो, आणि ‘साजरा’ दुसरीकडे जास्त टोचतो. नाताळ साजरा करतात, गुड फ्रायडे पाळतात. रोजे धरतात किंवा ठेवतात, ईद साजरी करतात. आंबेडकर जयंती साजरी होते, पण 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी अभिवादन करतात. तो ‘साजरा केला’ असे लिहिणे ही नुसती भाषेची चूक राहत नाही. पुण्यतिथीचेही तसेच. ज्या दिवसाच्या शुभेच्छा देता येत नाहीत, तो साजरा होत नाही, एवढे तपासले तरी भागते.

आता सुरुवातीचाच परिच्छेद, तेवढ्याच घटनांसह, पुन्हा:

‘आमच्याकडे गणपती येतो आणि गौरींबरोबर जातो. आदल्या दिवशी आईचे हरितालिकेचे व्रत असते. चतुर्थीला सकाळी ती उपवास सोडते आणि मोदकांच्या तयारीला लागते. गुरुजी आले की प्राणप्रतिष्ठा होते, मग पूजा आणि आरती. गौरी आल्या की पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, हा आमचा कुळाचार. त्याच संध्याकाळी हळदीकुंकू असते. तिसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली, की बाबा मूर्ती किंचित हलवतात आणि मखर एकदम रिकामे वाटू लागते.’

यात ‘साजरा’ एकदाही आलेला नाही. हवाच असेल तर मंडळाबद्दलच्या पुढच्या परिच्छेदात त्याला जागा आहे.