दहा जणांची भुर्जी: रत्नागिरीत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

मी मूळचा लातूरकडचा. नोकरीसाठी रत्नागिरीत आलो आणि इथलाच झालो. दरवर्षी आमच्याकडची नवी पोरं मिरजोळे एमआयडीसीत कामाला लागतात, चार-पाच जण मिळून खोली घेतात आणि पहिल्याच रविवारी शेजारच्या खोलीसकट दहा-बारा जणांच्या नाश्त्याचा प्रश्न उभा राहतो. पोहे रोज कोण खाणार? मग अंडी आणायचं ठरतं आणि लगेच वाद सुरू होतो: किती आणायची?

आधी ठरवा, ऑम्लेट करायचं की भुर्जी. अंडी दोन्हीला माणशी दोनच लागतात, पण बाकी सगळा हिशेब वेगळा आहे. ऑम्लेट माणसागणिक होतं, भुर्जी कढईगणिक. एका तव्यावर दोन अंड्यांचं ऑम्लेट नीट व्हायला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे दहा जणांना अर्ध्या तासाच्या वर. पहिल्याचं खाऊन आंघोळ होते तरी शेवटचा ताट घेऊन उभाच असतो. चार-पाच जणांपर्यंत ऑम्लेट करा. त्यापुढे भुर्जीच.

भुर्जीला माणशी दोन अंडी आणि तीन पाव धरा. सोबत आंबोळ्या किंवा घावन असतील तर माणशी दीड अंडंही पुरतं, कारण भुर्जीत दीडाचा हिशेब चालतो, ऑम्लेटमध्ये चालत नाही. ही अंडी फार्मची, साधारण ५० ते ५५ ग्रॅमची. गावठी मिळाली तर ती लहान असतात, दोनाच्या जागी तीन घ्या.

आता कांदा. घरी दोन अंड्यांना एक मध्यम कांदा घालतो, म्हणून वीस अंड्यांना दहा कांदे असा गुणाकार करू नका. अंड्यामागे सोललेला ३० ग्रॅम कांदा पुरतो. वीस अंड्यांना ६०० ग्रॅम, म्हणजे सात-आठ मध्यम कांदे. यापेक्षा जास्त घातला की ती भुर्जी राहत नाही, अंडं लावलेली कांद्याची भाजी होते. शिवाय इतका कांदा कढईत एकदम पडला की परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतो. ते पाणी पुढे अंड्यात उतरतं आणि ताटात भुर्जीखाली साचतं. पावसाळ्यात खरेदी मात्र जास्त करा. इथल्या दमट हवेत कांद्याला लवकर कोंब फुटतात, आतून एखादा पापुद्रा काळा निघतो. ६०० ग्रॅम हाती यायला ८०० ग्रॅम आणलेले बरे. आठवड्यापुरताच घ्या आणि पिशवीत न ठेवता जाळीत टांगा. उन्हाळ्यात कोणी अलिबागकडून पांढऱ्या कांद्याची माळ आणली तर ती भुर्जीत संपवू नका. तो कांदा गोड असतो, पावासोबत कच्चाच खा.

तेलाचं गणितही सरळ गुणाकाराचं नाही. दोन अंड्यांना दोन लहान चमचे, म्हणजे १० मिलि तेल लागतं. वीस अंड्यांना मात्र १०० नाही, ७५ मिलि पुरतं, आपल्या नेहमीच्या वाटीने अर्धी वाटी. तेलाचं काम कढईचा तळ आणि कांदा माखायचं, आणि अंडी दहापट झाली तरी तळ दहापट होत नाही. ऑम्लेटला ही सवलत नाही. तिथे प्रत्येक वेळी तव्याला नव्याने तेल लागतं, त्यामुळे दहा ऑम्लेटांना पूर्ण १०० मिलि तेल जातं, कांदा मात्र पाव किलोच. जास्त कांद्याचं ऑम्लेट उलटताना फाटतं.

परवाच्या रविवारचं सांगतो. बारा जण होते, त्यातले दोघे अंडं न खाणारे. हे आदल्या रात्रीच विचारून घ्या, कारण सोमवार, गुरुवार, संकष्टी असं प्रत्येकाचं काही ना काही असतं आणि श्रावणात तर निम्मी खोली गळते. घरमालकांनाही एकदा विचारा, गणपतीत त्यांच्या आवारात अंडं चालतं का. त्या दोघांचे पोहे वेगळ्या कढईत आधी करून घेतले. उरलेल्या दहांना वीस अंडी, वर दोन जादा. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून मग पातेल्यात टाकलं. पावसात घाट बंद पडला की दुकानातली अंडी जुनी असू शकतात, आणि एक नासकं अंडं पातेल्यात पडलं तर बाकीची एकोणीस गेली.

कांदा सगळा एकदम परतला, कारण तेल आणि मसाला सगळीकडे सारखा लागतो. तेल तापल्यावर आठ-दहा हिरव्या मिरच्या, मग कांदा आणि लगेच दोन सपाट लहान चमचे मीठ. मिठाने कांद्याचं पाणी लवकर सुटतं आणि लवकर उडतं. इथे कान द्या: पाणी असेपर्यंत कढईत फसफस ऐकू येते, ते आटलं की चरचर सुरू होते आणि कडेला तेल दिसू लागतं. त्याआधी टोमॅटो घालू नका. टोमॅटो तीनच, तेही आटू द्या, मग चमचाभर हळद. हा मसाला अर्धा काढून ठेवला आणि उरलेल्यात दहा अंडी फेटून ओतली. वीस अंडी म्हणजे जवळपास किलोभर ऐवज. आपल्या खोलीतल्या कढईत तो एकदम ओतला तर खालचं करपतं आणि वरचं पातळ राहतं. पहिली खेप उतरवली की त्याच कढईत मसाला परत टाकून दुसरी.

गॅस कधी बंद करायचा, हे भुर्जीकडे पाहून ओळखायचं. गोळे झालेत, पण वर ओलसर चमक आहे, तेव्हाच बंद करा. जाड कढईची उष्णता उरलेलं काम करते. चमक जाईपर्यंत थांबलात तर अंडं घट्ट होऊन आतलं पाणी पिळून बाहेर टाकतं, मग कांदा कितीही नीट परतलेला असो, भुर्जी पाणी सोडतेच. लोखंडी कढईत ती तशीच ठेवली तर हिरवट-काळपटही दिसते. चव ठीक असते, पण नवीन माणूस हात आखडता घेतो. कोथिंबीर आणि कमी पडलं तर मीठ शेवटी.

रात्रपाळीवाला नऊला येत असेल तर त्याच्यासाठी तयार भुर्जी झाकून ठेवू नका. दोन डाव मसाला वाटीत बाजूला काढा आणि दोन अंडी न फोडता ठेवा. तो आला की दोन मिनिटांत होते. आणि कढई लगेच गार पाण्यात भिजत घाला. गरम पाणी ओतलं तर तळाला लागलेलं अंडं आणखी घट्ट बसतं.