मुलाखतीआधी घसा कोरडा, आवाज थरथरतो? दाराबाहेरच्या या चुका टाळा

"ताई, बाटलीभर पाणी पिऊन झालं, तरी घसा सुकूनच राहिला. आवाज तर असा कापून राहिला!"

मे महिन्यात नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसच्या व्हरांड्यातून माझ्याकडे वक्तृत्व शिकायला येणाऱ्या मुलाचा हा फोन. मुलाखतीला वीस मिनिटं होती. काय काय केलंस, असं विचारलं. मानेवाड्याहून भर उन्हात, तोंडाला दुपट्टा बांधून गाडीवर आला. पोचल्यावर फ्रिजचं पाणी घटाघटा प्यायला, मग झोप उडावी म्हणून कडक कॉफी. घसा साफ व्हावा म्हणून सारखं खाकरणं चाललेलं, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून मोठमोठे श्वास. आता बोटांना मुंग्या येत होत्या.

पाण्यापासून सुरुवात करू. घाबरल्यावर शरीर सावध होतं आणि लाळ कमी, घट्ट होते. म्हणजे तोंड कोरडं पडण्याचं कारण त्या क्षणी तहान नसून भीती असते. घोटभर पाण्याने तोंड ओलं होतं, पण ते पाणी अन्ननलिकेत जातं, स्वरयंत्रातल्या ज्या पट्ट्यांच्या कंपातून आवाज निघतो त्यांना लागतही नाही. त्यांच्यापर्यंत ओलावा पोचतो तो शरीरातल्या पाण्यातून, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून पाणी सकाळपासून थोडं थोडं प्या. नागपूरच्या कोरड्या उन्हात तर आदल्या दिवसापासूनच. दाराबाहेर फक्त लहान घोट, तेही साधं पाणी. बाटली रिकामी केली तर पोट डबडबतं आणि मुलाखतीत लघवीची घाई होते, एवढंच. लाळ सुटायला आंबट गोळी पाण्यापेक्षा कामाची. पंधरा मिनिटं आधी चघळा आणि आत जाण्यापूर्वी टाकून द्या. गोळी नसेल तर ओठ मिटून जीभ हिरड्यांवरून सावकाश फिरवा. सर्दीची गोळी घेतली असेल तर तिनेही तोंड सुकतं, हे लक्षात असू द्या.

खाकरणं मला सगळ्यात जास्त खटकतं. खाकरताना दोन्ही पट्ट्या एकमेकींवर जोरात आपटतात, आणखी चुरचुरतात, आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. घशात अडकल्यासारखं वाटलं की आवंढा गिळा किंवा एक घोट घ्या.

आता श्वास, कारण कापरा आवाज बहुतेक इथेच तयार होतो. घाबरलेला माणूस छातीच्या वरच्या भागाने भराभर श्वास घेतो, गळ्याचे स्नायू ताणतो, आणि पट्ट्यांखालचा हवेचा दाब एकसारखा राहत नाही. तोच हेलकावा आवाजात ऐकू येतो. त्यावर भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. घाबरलेल्याला वाटतं आता काही खरं नाही, आणि भीती दुप्पट होते. त्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं.

मी त्याला सांगितलं, "आधी श्वास सोड." खांदे खाली, नाकाने चार आकडे मोजत बेताचा श्वास आत, मग दातांमधून "स्स्स" करत आठ मोजेपर्यंत बाहेर. आठ जमत नसतील तर सहा. "स्स्स" तुटक येत असेल तर श्वास अजून थरथरतोय, तो एका धारेत येऊ लागला की समजा बसतोय. दोनेक मिनिटांनी मुंग्या कमी झाल्या. मग जिन्यात जाऊन ओठ मिटून हळू आवाजात "म्म्म" गुणगुणायला लावलं, ओठांना गुदगुल्या होतील इतकंच. ओठ मिटलेले असले की हवेचा थोडा दाब उलट पट्ट्यांवर येतो आणि त्या कमी जोर लावून कंप पावतात. घरी असाल तर ग्लासात दोन बोटं पाणी घेऊन स्ट्रॉमधून "ऊ" म्हणत बुडबुडे काढा, तो व्यायाम याहून चांगला.

एक चूक त्याने केली नव्हती, पण बरेच जण करतात: आवाज जपायचा म्हणून कुजबुजत उजळणी. त्यानेही गळा ताणला जातो. हळू पण खऱ्या आवाजात म्हणा, आणि फक्त पहिलं वाक्य. हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी मित्राकडून मागून घेणं मात्र धोक्याचं आहे. दमा असलेल्याला ती फार महागात पडू शकते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आणि घरात निवांत बोलतानाही आवाज कापत असेल, किंवा तीन आठवडे घसा बसलेलाच असेल, तर ते भीतीचं काम नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. नाव सांगताना आवाज कापला, म्हणाला. मग त्याने थांबून श्वास सोडला, आणि शिक्षण सांगेपर्यंत आवाज जागेवर आला होता.