लिंक्डइनवरचा फोटो आणि बॅनर : कन्सल्टंट मंडळींनो, या चुका टाळा

मी पुण्यात कन्सल्टंट लोकांची प्रोफाइलं करून देते, म्हणजे फोटो काढण्यापासून बॅनर चढवेपर्यंत सगळं. टॅक्सवाले, एचआरवाले, फॅक्टरी सेफ्टीवाले, सगळे येतात, आणि चुका बघाल तर दर वेळी त्याच त्या. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. आधीच सांगते, फोटो चांगला असला म्हणून काम मिळत नाही, पण फोटो खोटा वाटला की समोरचा पुढचं वाचतच नाही, हे मी खूपदा बघितलंय.

चिकटवलेला कोट

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

भोसरीचे एक एनर्जी ऑडिटर आहेत, वय पन्नाशीपुढे, कारखान्यांची वीजबिलं आणि पॅनल तपासण्यात पंचवीस वर्षं गेलेली. कामाला एकदम पक्का माणूस. त्यांचा लिंक्डइनचा फोटो पासपोर्ट फोटोवाल्या स्टुडिओतला, निळा बॅकग्राउंड, आणि अंगात काळा कोट. काका आयुष्यात कधी कोट घालत नाहीत. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर चढवलेला, त्याच्याकडे पाच-सहा कोट तयारच असतात. जवळून बघितलं की लगेच कळतं, कॉलर आणि मान जिथे भेटतात तिथे सावलीच नसते, खांदे डोक्याच्या मानाने रुंद वाटतात, आणि चेहऱ्यावर उजेड डावीकडून तर कोटावर उजवीकडून. वर केस काळे केलेले, चेहरा इतका गुळगुळीत केलेला की डोळ्यांखालच्या रेघा पण गायब.

एकदा चाकणच्या एका प्लांटबरोबर त्यांचा व्हिडिओ कॉल होता. काका जॉइन झाले, पिकलेले केस, जाड काड्यांचा चष्मा, अर्ध्या बाह्यांचा चौकटीचा शर्ट. प्लांट हेडने दोन मिनिटं वाट बघितली आणि विचारलं, "सर जॉइन होतायत ना?" त्यांना वाटलं हे ऑफिसमधले कुणीतरी आहेत. काकांनी "मीच तो" सांगितलं, सगळे हसले, कॉल पुढे गेला, पण मग त्या माणसाने काकांचं सर्टिफिकेट, जुने रिपोर्ट, रेफरन्स, सगळं एकेक करून मागवलं, जे आधी कुणीच मागत नव्हतं. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "अगं, मी काय खोटा माणूस आहे का?" नाहीत ना काका. पण फोटो खोटा होता, आणि समोरच्याने आधी फोटो बघितला होता.

तर नियम माझा एवढाच, की क्लायंटकडे पहिल्या मीटिंगला जसे जाल तसाच फोटो. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट, दाढी असेल तर दाढीसकट. ब्लेझर तुम्ही खरंच घालत असाल तर जरूर घाला, नाहीतर इस्त्रीचा कॉलरवाला शर्ट पुरे. बारीक चौकडी टाळा, लहान आकारात ती झिरमिरते. फोनचा ब्यूटी फिल्टर बंद करा, काही फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो आणि लोकांना माहीतच नसतं.

काकांचा नवा फोटो आम्ही त्यांच्या घरीच काढला, स्टुडिओ लागला नाही. सकाळी साडेआठची वेळ, हॉलची खिडकी, जिच्यातून थेट ऊन येत नव्हतं. काकांना खिडकीपासून तीन फुटांवर उभं केलं, उजेड समोरून थोडा तिरका पडेल असं. ट्यूबलाइट बंद केली, कारण खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि ट्यूबचा दुसऱ्या, मग अर्धा चेहरा हिरवट दिसतो, शिवाय वरून पडलेल्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणीत काळं येतं. मागची भिंत चारेक फूट लांब ठेवली, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही. फोन डोळ्यांच्या उंचीवर, मागचा कॅमेरा, 2x वर, आणि मी पाच-सहा फुटांवर. हे अंतर महत्त्वाचं आहे. हात लांब करून सेल्फी काढता तेव्हा कॅमेरा दीड-दोन फुटांवर असतो, मग नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, त्यात दोष तुमच्या चेहऱ्याचा नसतो, जवळ असण्याचा असतो. चष्म्यावर खिडकी चमकत होती, तर काड्या कानावर किंचित वर उचलल्या आणि हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगितली, चमक गेली. साठेक फोटो काढले, त्यातले पहिले वीस फुकट जाणारच असतात कारण माणूस ताठ उभा असतो. मग मी त्यांना विचारलं की कंप्रेसरची हवा लीक होतेय हे तुम्ही कसं ओळखता, ते सांगायला लागले, आणि तिथला एक फोटो लागला.

पाच मिनिटांत उरका म्हणणारे लोक मला इथेच खटकतात. वीस वर्षं धंदा केलाय तर एक सकाळ द्यायला काय हरकत आहे?

क्रॉप करताना चेहऱ्याने चौकटीची साधारण अर्ध्याहून थोडी जास्त जागा घ्यावी, खांद्यांचा वरचा भाग दिसावा, आणि डोक्यावर थोडी मोकळी जागा, कारण लिंक्डइन चौकोनाचा गोल करतं आणि कोपरे उडतात. माझी टेस्ट सोपी आहे, फोटो व्हॉट्सअॅपला डीपी ठेवा आणि दुसऱ्याच्या फोनवर चॅट लिस्टमध्ये बघा. तिथे ओळखू आलात तर कमेंटमध्येही ओळखू याल. तुमचा फोटो लोक तेवढ्याच आकारात सगळ्यात जास्त वेळा बघतात.

लग्नातला फोटो कापून लावू नका, खांद्यावर कुणाचातरी बांगड्यांचा हात राहतोच. गाडीतला सेल्फी नको, सीटबेल्टसकट तर नकोच. आणि `#OpenToWork` ची हिरवी पट्टी नोकरी शोधणाऱ्यांसाठी असते, कन्सल्टंटने ती काढून `Providing services` चा पर्याय वापरावा.

बॅनरवर सगळं लिहिलं, आणि नेमकं तेच झाकलं गेलं

ही दुसरी लाडकी चूक. त्याच काकांचं जुनं बॅनर पुतण्याने तयार टेम्प्लेटवर केलेलं. मोठ्या शहराची स्कायलाइन (कुठल्या तरी परदेशातली, भोसरीचा काही संबंध नाही), वर जाणारा बाण, सात सेवांची यादी, अकरा कंपन्यांचे लोगो, आणि डाव्या कोपऱ्यात खाली फोन नंबर. नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांवर काकांचाच गोल फोटो बसलेला! पुतण्याने लॅपटॉपवर डिझाइन फाइल बघितली होती, प्रोफाइल उघडून बघितलंच नाही.

हिशोब समजून घ्या. पर्सनल प्रोफाइलच्या बॅनरचा आकार 1584 बाय 396 पिक्सेल, म्हणजे चारास एक, लांबलचक पट्टी. कंपनी पेजचा आकार वेगळा असतो, तो इथे वापरलात तर चित्र ताणलं किंवा कापलं जाणार. गोल फोटो डावीकडे खालून बॅनरवर चढतो, आणि मोबाइलवर तो बॅनरच्या मानाने आणखी मोठा दिसतो. म्हणून मी डावीकडचे सुमारे 600 पिक्सेल पूर्ण मोकळे सोडते, तिथे रंग किंवा चित्राचा शांत भाग चालेल, अक्षर एकही नाही. मजकूर उजवीकडे, कडेपासून थोडा आत.

अक्षराचा आकार पण इथेच फसतो. फोनवर ही 1584 ची पट्टी जवळपास चौथ्या हिश्शात बसते, म्हणजे तुम्ही 32 चं अक्षर टाकलंत तर ते तिथे 8 चं होतं, मुंगीएवढं. मी 60 च्या खाली जात नाही. आणि 60 च्या अक्षरात सात सेवा मावतच नाहीत, एक ओळ मावते, जे चांगलंच आहे. फोन नंबर बॅनरवर टाकूच नका, चित्रातला नंबर कुणाला दाबता येत नाही, त्यासाठी कॉन्टॅक्ट इन्फो आहे.

लोगोंबद्दल मी जरा कडक आहे. त्या अकरांपैकी एका कंपनीशी काकांचा गोपनीयतेचा करार होता, आणि तिथल्या परचेसवाल्यांनी लोगो काढायला मेल केला, तोही ऑडिटच्या रिन्यूअलच्या महिन्यात. लेखी परवानगी असेल तरच लोगो लावा. आयएसओचा लोगो तर लावूच नका, आयएसओ स्वतः कुणाला सर्टिफिकेट देत नाही, ते काम वेगळ्या संस्था करतात, आणि आयएसओ आपला लोगो इतरांना वापरू देत नाही. अशोकस्तंभ लावणारे पण भेटलेत, सरकारी प्रमाणपत्र आहे म्हणून. राजचिन्हाच्या अशा वापराला 2005 च्या कायद्याने बंदी आहे, तुमचं प्रमाणपत्र कितीही खरं असलं तरी.

मग बॅनरवर ठेवायचं काय? स्वतःच्या कामातली एक खरी गोष्ट. काकांकडे थर्मल कॅमेऱ्याचे शेकडो फोटो होते, त्यातला एक घेतला, पॅनलमधला एक सैल जोड, बाकी सगळं निळं-जांभळं आणि तेवढाच जोड पिवळा-पांढरा तापलेला. प्लांट चालवणारा कुणीही ते बघून थांबतो, कारण आपल्याकडे असं काही आहे का हा प्रश्न त्याच्या डोक्यात येतोच. प्लांटकडून परवानगी घेतली, पॅनलवरच्या पट्टीवर कंपनीचं नाव होतं ते क्रॉप केलं, तापलेला जोड बरोबर उजव्या भागाच्या वर येईल असं बसवलं, आणि खाली एक ओळ, "कारखान्यांचं वीज ऑडिट, पुणे आणि चाकण". बस. हात मिळवणारे दोन गोरे हात, बुद्धिबळाची सोंगटी, बल्ब हातात धरलेला माणूस, हे सगळं काढून टाका, तीच चित्रं कर्ज देणाऱ्या अॅपच्या जाहिरातीत पण असतात.

छोट्या पण नडणाऱ्या

फोटो आणि बॅनरची फाइल व्हॉट्सअॅपवरून मागवलीत तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, फोटो म्हणून आली की दाबली जाते आणि अक्षरांच्या कडा धुरकट होतात.

पोर्ट्रेट मोडने मागचं ब्लर केलं असेल तर कान आणि चष्म्याची काडी झूम करून तपासा, बऱ्याचदा ती अर्धी पुसलेली असते.

फोटोच्या सेटिंगमध्ये कुणाला दिसावा ते `Public` आहे का बघा. नसेल तर लॉगिन न केलेल्या माणसाला करडी बाहुली दिसते, आणि नवा क्लायंट तुम्हाला बऱ्याचदा आधी गूगलवरूनच शोधतो. काकांचा इतका सुंदर फोटो पंधरा दिवस असाच लपलेला होता, कारण सेटिंग जुनंच राहिलेलं. आता मी काम संपवताना क्लायंटच्या समोर इनकॉग्निटो विंडो उघडते, तिथे प्रोफाइल बघते, मग त्यांच्या फोनवर एकदा आणि माझ्या फोनवर एकदा, आणि मगच बिल करते.