सामाईक इरादा की समान उद्दिष्ट? धुऱ्याच्या भांडणात या चुका टाळा

तालुक्याच्या अभ्यासिकेत सराव प्रश्नपत्रिका सोडवताना मुलं सर्वांत जास्त इथं घसरतात: प्रश्नात पाच-सहा आरोपी दिसले की ती थेट भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० वर खूण करतात, म्हणजे समान उद्दिष्टाने जमलेल्या बेकायदेशीर जमावातल्या प्रत्येकाला जबाबदार धरणाऱ्या कलमावर.

एक प्रश्न घेऊ. धुऱ्याच्या वादातून सहा जण काठ्या घेऊन शेजाऱ्याच्या वावरात शिरतात. ठरलंय इतकंच की त्याला चोप द्यायचा आणि धुरा फोडायचा. मारहाण चालू असताना एक जण कमरेला लपवलेला सुरा काढून शेजाऱ्याला ठार करतो. बाकीचे पाच खुनासाठी जबाबदार का?

‘होय, कारण ते पाचाहून अधिक होते’ हा पर्याय मोहात पाडतो. पण पाच हा आकडा म्हणजे फक्त उंबरठा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ प्रमाणे जमाव बेकायदेशीर ठरायला उद्दिष्टही त्या कलमात सांगितलेल्यांपैकी असावं लागतं. ते इथं आहे. मग कलम १९० (जुनं भादंवि १४९) विचारतं: खून त्या उद्दिष्टाच्या पूर्ततेसाठी झाला का, किंवा तो होण्याची शक्यता आहे हे सदस्यांना माहीत होतं का? सुरा लपवलेला होता, त्याची खबर इतरांना होती असा पुरावा नाही, म्हणून खुनाची जबाबदारी पाचांवर जात नाही. मारहाणीची मात्र जाते. तीच वस्तू उघड खांद्यावर घेतलेली कुऱ्हाड असती, तर उत्तर उलटण्याची दाट शक्यता होती. वाचताना हत्यार कोणी पाहिलं होतं, तेच आधी शोधा.

‘प्रत्येकानं वार केला असेल तरच’ हा पर्यायही चूक. कलम १९० ला सदस्यत्व पुरतं. कृतीत सहभाग लागतो तो सामाईक इराद्याला, म्हणजे कलम ३(५), जुनं ३४. तिथं दोन माणसंही चालतात आणि इरादा जागेवरही जुळू शकतो, पण तो जुळलेला हवा. दोघांचा इरादा सारखा असणं वेगळं. महबूब शाह खटल्यात (१९४५) प्रिव्ही कौन्सिलनं हाच फरक धरून त्याला खुनाच्या आरोपातून सोडलं.

आता अवघड वळण. सहापैकी दोघं निर्दोष सुटले. उरले चार. जमावात ओळख न पटलेले आणखी लोक होते हे सिद्ध झालं नाही, तर १९० कोसळतं. ‘म्हणून चौघंही सुटतात’ असं लिहिलेला पर्याय हमखास असतो, आणि तो चुकीचा. चौघांचा सामाईक इरादा आणि सहभाग पुराव्यात दिसत असेल, तर ३(५) लावता येतं. आपोआप मात्र लागत नाही. ‘१९० गेलं की ३(५) आलंच’ असं म्हणणारा पर्यायही म्हणूनच खोडायचा.