फायर सिलिंडरचा फोटो बघून प्रकार ओळखताना या चुका टाळा

सीझन सुरू व्हायच्या आधी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर लाल सिलिंडरच्या फोटोंचा पाऊस पडतो. शॅकवाले, गेस्टहाऊसवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांचा एकच प्रश्न, "भाऊ, हा कसला, कुठे लावू?" आणि फोटो अर्धा कापलेला, तोही चालत चालत काढलेला. वीस वर्षं हे सिलिंडर भरतोय, तरी फोटोवरून मीही फसलोय, तीच गोष्ट आधी सांगतो.

कळंगुटच्या एका शॅकवाल्याने रात्री नऊला फोटो टाकला. लाल बाटला, वर पिवळी पट्टी, खाली लिहिलेलं "किचनला लावू ना?" मी पणजीला ट्रॅफिकमध्ये स्कूटरवर. पिवळी पट्टी म्हणजे वेट केमिकल, म्हणजे तेलाच्या आगीचा, हे डोक्यात पक्कं, म्हणून टाईप केलं "लाव रे बाबा" आणि निघालो. सकाळी चहा पिताना फोटो परत उघडला तर मागच्या पांढऱ्या टाईल्सपण पिवळ्याच दिसत होत्या! बल्बचा उजेड. म्हणजे पट्टी पिवळी नव्हतीच, क्रीम होती, आणि क्रीम म्हणजे फोम.

मग नोझल झूम केलं, जे रात्रीच करायला पाहिजे होतं. वेट केमिकलला होजच्या टोकाला लांब दांडी असते, पुढे बारीक फवारा, म्हणजे माणूस कढईपासून लांब उभा राहतो आणि तेल उसळत नाही. इथे होता आखूड जाडसर नोझल, बुडाशी हवा ओढायची भोकं. (सगळ्या फोमला ती भोकं असतातच असं नाही, पण असली तर शंकाच नको.) त्याला फोन करून लेबलचा फोटो मागवला. ए म्हणजे लाकूड-कागदाची आग आणि बी म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवाची, ही दोन्ही चित्रं बरोबर, आणि पेटलेल्या कढईच्या चित्रावर काट. आणि तो बाटला रात्रभर बांगडे तळायच्या कढईशेजारी लटकत होता.

फोम म्हणजे बहुतेक पाणीच. पेट्रोलवर तो थर धरतो, पण पेटलेल्या खोल तेलात पाणी गेलं की तळाशी जाऊन एका क्षणात वाफ होते, एक लिटरची साधारण १७०० लिटर, आणि ती वाफ जळतं तेल घेऊन बाहेर पडते. वेट केमिकलमधला पोटॅशियमचा क्षार गरम तेलाशी मिळून साबणासारखा थर करतो, शिवाय तेल थंड करतो, म्हणून आग परत पेटत नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी की पट्टी सगळ्यात शेवटी बघतो. आधी नोझल, मग लेबलवरची चित्रं, आणि रंग फक्त त्या दोघांशी जुळतो का एवढंच. मुळात ही पट्टी ब्रिटिश पद्धतीची, आपल्याकडच्या कित्येक बाटल्यांवर ती नसतेच. फोटोत एखादी पांढरी वस्तू असली पाहिजे, भिंत, कागद, काहीही, म्हणजे उजेडाने रंग किती बदललाय ते कळतं.

दुसरी चूक जिचा मला खरंच राग येतो, ती म्हणजे नेटवरून अमेरिकन चार्ट फॉरवर्ड करणं. त्यांच्याकडे सी म्हणजे विजेची आग. आपल्याकडे सी म्हणजे गॅसची, आणि विजेला वेगळं अक्षरच नाही, त्यासाठी लेबलवरचं विजेचं चिन्ह किंवा किती व्होल्टपर्यंत चालतो ती ओळ वाचावी लागते. किचनच्या तेलाला त्यांचं अक्षर के, आपलं एफ. एका दुकानदाराने "सी आहे ना" म्हणून बिलिंगच्या कॉम्प्युटरशेजारी एबीसी पावडर लावला. आग विझेल हो, पण ती पावडर बोर्डात घुसली की कॉम्प्युटर गेलाच समजा. तिथे सीओटू हवा. आणि एबीसी म्हणजे "सगळ्यावर चालतो" असं म्हणणारे पण भेटतात, त्यांनी कढईसमोर उभं राहून ए, बी, सी मध्ये एफ कुठे आहे ते शोधावं. पावडरने ज्वाळा दबते, तेल तापलेलंच राहतं, परत पेटतं.

बाकीच्या चुका छोट्या आहेत. काळा भोंगा दिसला की सीओटू, हे बहुतेक वेळा बरोबर, पण नुसता गेज नाही म्हणून सीओटू म्हणू नका, कारण आत कार्ट्रिज असलेल्या पावडरच्या बाटल्यालाही गेज नसतो. सीओटूला गेज नसण्याचं कारण म्हणजे आतला गॅस द्रवरूपात असतो, थोडा उरला तरी दाब तेवढाच दाखवेल, म्हणून तो वजन करूनच तपासतात. बुडाची काळी प्लास्टिकची वाटी म्हणजे सीओटूची काळी पट्टी नव्हे, हसू नका, दर महिन्याला एक जण विचारतो.

आणि मला फोटो पाठवताना तीन पाठवा: पूर्ण बाटला, नोझलचं टोक, आणि लेबल सरळ समोरून, फ्लॅश बंद करून, कारण फ्लॅशचा पांढरा डाग नेमका चित्रांवरच पडतो. रात्री नऊला पाठवलात तर उत्तर सकाळी मिळेल.