ज्येष्ठांचं बीपी घरी कसं मोजावं: सात दिवसांची वही

माझे मामा ७६ वर्षांचे. गिरगावच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. मागच्या वर्षी बाजारातून पिशवी घेऊन येताना वाटेतल्या दवाखान्यात शिरले आणि लगेच बीपी मोजून घेतलं. आकडा आला १६४/८८. घरात एकच चर्चा सुरू झाली, गोळी वाढवायला हवी. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मात्र गोळीला हात लावला नाही. म्हणाले, "आठवडाभर घरी मोजा, वहीत लिहा आणि वही घेऊन या."

बीपी दिवसभर वरखाली होत असतं. जिने चढले, चहा घेतला, लघवी रोखून धरली, कुणाशी वाद झाला, की ते वाढतं. काहींचं तर दवाखान्यात पाऊल ठेवताच वाढतं. म्हणून एका आकड्यावर घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही.

मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या. मनगटावरच्या मशीनमध्ये हात जरा वरखाली झाला तरी आकडा बदलतो. दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर लिहिलेल्या सेंटिमीटरमध्ये तो बसतो का, ते बघा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त येईल, तोच हात पुढे कायम ठेवा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, फिरणं नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नकोत. हात टेबलावर असा ठेवा, की पट्टा छातीच्या उंचीला येईल. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या, कारण हात खाली लोंबला तरी आकडा वाढतो. बाही वर सरकवून दंडाला काचू देऊ नका, सदऱ्यातून हातच बाहेर काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर असावी. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. मामींना हेच अवघड गेलं. मशीन फुगत असतानाच त्या विचारायच्या, "भाजीला काय करू?" बोलण्यानेही बीपी चढतं, हे कळल्यावर त्या तेवढा वेळ स्वयंपाकघरात थांबू लागल्या.

सकाळी गोळी आणि नाश्ता घेण्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. संध्याकाळी पुन्हा दोनदा. असे सात दिवस. पहिला दिवस सवयीचा, तो हिशेबात धरायचा नाही. उरलेल्या सहा दिवसांच्या २४ नोंदींची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या खाली सरासरी म्हणजे साधारण ठीक. मामांची आली १३२/७६. पण वयानुसार आणि इतर आजारांनुसार कुणाचं किती असावं, हे डॉक्टरच ठरवतील.

ज्येष्ठांसाठी आणखी एक मोजणी करावी, ती मात्र बहुतेक घरांत राहून जाते. बसून मोजल्यावर उभं राहायचं आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शेजारी कुणीतरी हवं, भोवळ आली तर लगेच बसवायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ते वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. मामांचा वरचा आकडा उभं राहिल्यावर १०८ झाला, म्हणजे २४ ने खाली. रात्री उठून गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे जाताना भिंत का धरावी लागते, ते तेव्हा उलगडलं. प्रोस्टेटसाठी ते जी गोळी घेत होते, त्या प्रकारच्या औषधाने असं होऊ शकतं. डॉक्टरांनी ती बदलून दिली आणि उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायला सांगितलं. त्या १६४ वर बीपीची गोळी वाढवली असती, तर उभं राहिल्यावर बीपी आणखी उतरलं असतं.

नाडी अनियमित असेल तर मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तसं वारंवार दिसलं किंवा मशीनबद्दल शंका वाटली, तर ते दवाखान्यात नेऊन तिथल्या मोजणीशी ताडून बघा. आकडा १८०/१२० च्या वर गेला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तितकाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, जीभ जड होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल, तर दुसऱ्या मोजणीसाठी थांबू नका, १०८ लावा. आकडे चांगले आले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, ते बहुधा त्या गोळीमुळेच चांगले असतात.

आठवडा संपला की मशीन कपाटात ठेवा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर रोज मोजायची गरज नाही. मामा आता पुढच्या तपासणीआधीच्या आठवड्यात वही पुन्हा उघडतात.